नमुना मोठा केल्यावर नेमकी कोणती चूक कमी होते?

पाकिटे भरणाऱ्या एका यंत्राचा विचार करू. प्रत्येक पाकिटात सरासरी ५०० ग्रॅम माल भरला जावा, अशी त्याची मांडणी आहे. कोणत्याही दोन पाकिटांचे वजन तंतोतंत सारखे नसते, आणि जुन्या नोंदींवरून असे दिसते की या वजनांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा पसारा, १० ग्रॅम आहे. यंत्र अलीकडे कमी माल भरते आहे, अशी शंका आल्यामुळे एका तपासनिसाने ९ पाकिटे उचलून वजन केले. त्यांची सरासरी ४९५.८ ग्रॅम निघाली आणि चाचणी करून त्याने लिहिले की यंत्रात दोष असल्याचा पुरावा मिळत नाही. दुसऱ्याने ३६ पाकिटे घेतली, सरासरी पुन्हा ४९५.८ ग्रॅमच आली, आणि त्याने मात्र यंत्र कमी भरत असल्याचा निष्कर्ष काढला. दोघांनी चाचणी एकच वापरली, ५ टक्क्यांची सार्थकता पातळीही तीच ठेवली आणि दोघांच्याही गणितात काही चूक नाही. असे का घडले, हे याच यंत्राच्या आधाराने एकेक पायरी चढत पाहू. नमुना मोठा केला की दोन्ही प्रकारच्या चुका आपोआप कमी होतात, हा सर्वत्र आढळणारा समज कुठे चुकतो, हेही त्याच ओघात स्पष्ट होईल.

पायरी १: दोन परिकल्पना आणि दोन चुका लिहून काढा

शून्य परिकल्पना अशी की यंत्राची खरी सरासरी ५०० ग्रॅम आहे. पर्यायी परिकल्पना अशी की ती ५०० पेक्षा कमी आहे. आपली शंका केवळ कमी भरण्याविषयी असल्यामुळे ही एकतर्फी चाचणी आहे.

यंत्र ठीक असताना आपण ते कमी भरते असे म्हटले, तर ती पहिल्या प्रकारची चूक होय; तिची संभाव्यता अल्फा या अक्षराने दाखवतात, आणि वर आलेली सार्थकता पातळी ती हीच. यंत्र खरोखर कमी भरत असताना आपल्याला ते कळले नाही, तर ती दुसऱ्या प्रकारची चूक; तिची संभाव्यता म्हणजे बीटा. दोष खरोखर असताना तो चाचणीच्या हाती लागण्याची संभाव्यता म्हणजे पॉवर, आणि ती एक वजा बीटा इतकी असते. चुकांची ही विभागणी जर्झी नेमन आणि एगॉन पियर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळातील शोधनिबंधांत मांडली.

नवशिक्यांनी येथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अल्फा ही यंत्र ठीक आहे असे धरून काढलेली संभाव्यता आहे, तर बीटा ही यंत्र बिघडले आहे असे धरून काढलेली. प्रत्यक्षात या दोनपैकी एकच स्थिती खरी असते, त्यामुळे एकाच तपासणीत दोन्ही चुका कधीही होऊ शकत नाहीत. अल्फा ५ टक्के ठेवला याचा अर्थ आपले ५ टक्के निष्कर्ष चुकीचे असतील, असाही होत नाही. ठीक असलेल्या यंत्रांपैकी सुमारे ५ टक्के यंत्रांवर आपण नाहक ठपका ठेवू, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पायरी २: अल्फा ठरवा आणि सीमारेषा काढा

अल्फा मोजून मिळत नाही, तो आपण ठरवतो. समजा, तो ५ टक्के ठरवला आणि २५ पाकिटे घ्यायचे निश्चित केले. २५ पाकिटांची सरासरी एकेका पाकिटाच्या वजनापेक्षा बरीच कमी हलते. तिची प्रमाण त्रुटी म्हणजे १० भागिले २५ चे वर्गमूळ, अर्थात २ ग्रॅम. प्रसामान्य वितरणात डावीकडचा ५ टक्के भाग सरासरीपासून १.६४५ प्रमाण त्रुटींइतका खाली सुरू होतो. म्हणून सीमारेषा ५०० वजा ३.२९, म्हणजे सुमारे ४९६.७ ग्रॅम येते. नमुन्याची सरासरी या रेषेच्या खाली गेली तर निकाल सार्थक, म्हणजे यंत्र कमी भरते असे म्हणायचे, अन्यथा शून्य परिकल्पना फेटाळायची नाही.

सीमारेषा काढताना यंत्र किती बिघडले असेल, याचा विचार आपण कुठेही केला नाही. ती फक्त शून्य परिकल्पना आणि अल्फा यांच्यावरून ठरली. बीटा काढण्यासाठी मात्र तेवढे पुरत नाही.

पायरी ३: किती फरक पडला तर दखल घ्यावी लागेल, ते ठरवा

पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग पॉवर किती, असा प्रश्न विचारतात. त्या प्रश्नाला तसे उत्तरच नसते, कारण पॉवर ही नेहमी एका विशिष्ट फरकासाठी असते. यंत्र २० ग्रॅमने कमी भरत असेल तर ९ पाकिटांतही ते उघड होईल. अर्ध्या ग्रॅमने कमी भरत असेल तर शंभर पाकिटांतही बहुधा कळणार नाही. म्हणून आधी असे विचारावे की किती तूट असेल तर यंत्र थांबवून दुरुस्त करणे भाग पडेल. हा प्रश्न सांख्यिकीचा नाही. यंत्र, माल आणि ग्राहक यांची माहिती असणाऱ्यानेच त्याचे उत्तर द्यायचे असते. आपण ४ ग्रॅम धरू. म्हणजे खरी सरासरी ४९६ पर्यंत घसरली असेल, तर ते आपल्या नजरेतून सुटू नये.

पायरी ४: बीटा आणि पॉवर काढा

आता खरी सरासरी ४९६ आहे असे धरू. २५ पाकिटांची सरासरी ४९६ च्या आसपास २ ग्रॅम प्रमाण त्रुटीने हलेल. सीमारेषा ४९६.७१ वर आहे, म्हणजे ४९६ च्या वर ०.७१ ग्रॅम, अर्थात ०.३५५ प्रमाण त्रुटी. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यात ०.३५५ च्या डावीकडचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ मिळते. सरासरी सीमारेषेच्या खाली पडण्याची, म्हणजे दोष पकडला जाण्याची, ही संभाव्यता आहे. पॉवर ६४ टक्के आणि बीटा ३६ टक्के. यंत्र प्रत्येक पाकिटामागे सरासरी ४ ग्रॅम कमी भरत असतानाही अशा तपासण्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक तपासण्यांत ते निर्दोष सुटेल.

यावर अल्फा अधिक कडक करावा, असा विचार मनात येतो. तो १ टक्का केला, तर सीमारेषा ४९५.३ पर्यंत खाली सरकते. यंत्रावर नाहक ठपका येण्याचे प्रमाण घटते, पण पॉवर ६४ वरून ३७ टक्क्यांवर येते. पाकिटे तेवढीच असतील, तर एक चूक कमी करण्याची किंमत दुसऱ्या चुकीत मोजावी लागते.

पायरी ५: पाकिटांची संख्या बदलून पाहा

अल्फा ५ टक्के आणि तूट ४ ग्रॅम कायम ठेवून हेच गणित वेगवेगळ्या संख्यांसाठी केले, तर पुढील आकडे मिळतात.

| पाकिटे | सीमारेषा (ग्रॅम) | अल्फा | बीटा | पॉवर |
|---|---|---|---|---|
| ९ | ४९४.५ | ५% | ६७% | ३३% |
| २५ | ४९६.७ | ५% | ३६% | ६४% |
| ३६ | ४९७.३ | ५% | २३% | ७७% |
| १०० | ४९८.४ | ५% | १% | ९९% |

अल्फाचा स्तंभ वरपासून खालपर्यंत एकच आहे. पाकिटे ९ असोत वा १००, ठीक असलेल्या यंत्रावर ठपका येण्याची संभाव्यता ५ टक्केच राहते, कारण सीमारेषा प्रत्येक वेळी त्याच अटीवर नव्याने काढली जाते. नमुना वाढल्याचा सगळा लाभ बीटाच्या पदरात पडतो. सुरुवातीच्या दोन तपासनिसांचा उलगडाही या तक्त्यात आहे: ४९५.८ ही सरासरी ४९४.५ च्या वर आहे, पण ४९७.३ च्या खाली आहे. पहिल्याची चाचणी इतकी दुबळी होती की ४ ग्रॅमची तूट तिने तीनपैकी दोन वेळा चुकवलीच असती. त्यामुळे तिच्यात पुरावा न मिळणे, याला यंत्र ठीक असल्याची ग्वाही मानता येत नाही.

ही केवळ पुस्तकी अडचण नाही. ज्या ७१ वैद्यकीय चाचण्यांमध्ये नव्या उपचाराचा उपयोग दिसला नाही, असे जाहीर झाले होते, त्यांची फेरतपासणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. उपचाराने परिणामात २५ टक्के सुधारणा खरोखर झाली असती, तरी ती नजरेतून सुटण्याची शक्यता त्यांपैकी ६७ चाचण्यांमध्ये १० टक्क्यांहून अधिक होती. रुग्णांची संख्याच अपुरी होती.

मग नमुना वाढवल्याने दोन्ही चुका कमी होतात, हे विधान सर्वस्वी खोटे आहे का? सीमारेषा एकाच जागी खिळवून ठेवली, तर ते खरे ठरते. ५०० आणि ४९६ यांच्या बरोबर मध्ये, ४९८ वर, रेषा कायमची आखली असे समजू. मग ९ पाकिटांत दोन्ही चुकांची संभाव्यता प्रत्येकी २७ टक्के येते, २५ पाकिटांत १६ टक्के आणि १०० पाकिटांत सुमारे २.३ टक्के. म्हणजे मोठा नमुना आपल्याला अधिक अचूकता देतो आणि ती दोन चुकांमध्ये कशी वाटायची, हे आपल्या हाती असते. अल्फा ५ टक्क्यांवर बांधून ठेवण्याच्या प्रथेमुळे आपण ती सगळी एकाच बाजूला देतो. नमुना फार मोठा असेल, तर अल्फाही खाली आणणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे. व्यवहारात मात्र तसे क्वचितच केले जाते.

पायरी ६: उलट्या दिशेने गणित करून नमुना ठरवा

प्रत्यक्ष कामात पाकिटे किती घ्यावीत, हाच प्रश्न आधी येतो. त्यासाठी हवी ती पॉवर ठरवून उलटे गणित करावे. पॉवर ८० टक्के असावी, हा संकेत जेकब कोहेन यांच्यामुळे रूढ झाला. पहिली चूक दुसरीच्या चौपट गंभीर मानावी, म्हणजे ५ टक्क्यांसमोर २० टक्के, असा त्यांचा हिशेब होता. हे प्रमाण आपल्या कामाला लागू पडते की नाही, ते प्रत्येकाने तपासावे. जेथे दोष नजरेतून सुटणे अधिक महागात पडते, तेथे बीटा २० टक्के ठेवण्याला काही आधार उरत नाही.

एकतर्फी चाचणीसाठी सूत्र असे आहे:

```
n = ((z_alpha + z_beta) * sd / d)^2
```

येथे `n` म्हणजे पाकिटांची संख्या, `sd` म्हणजे प्रमाण विचलन आणि `d` म्हणजे आपण ठरवलेली तूट. `z_alpha` आणि `z_beta` म्हणजे प्रसामान्य वितरणाच्या टोकाला अल्फा आणि बीटा एवढा भाग जेथे सुरू होतो, तेथपर्यंतचे सरासरीपासूनचे अंतर, प्रमाण त्रुटींमध्ये मोजलेले. ५ टक्के अल्फासाठी `z_alpha` १.६४५, ८० टक्के पॉवरसाठी `z_beta` ०.८४२. या दोहोंची बेरीज २.४८७, तिला १० ने गुणून ४ ने भागले की ६.२२, आणि त्याचा वर्ग ३८.७. संख्या नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यायची असल्याने ३९ पाकिटे लागतील. पॉवर ९० टक्के हवी असल्यास `z_beta` १.२८२ होतो आणि ५४ पाकिटे घ्यावी लागतात.

आता तूट ४ ऐवजी २ ग्रॅम धरून पाहा. पाकिटे दुप्पट होत नाहीत, जवळपास चौपट, म्हणजे १५५ होतात, कारण प्रमाण त्रुटी संख्येच्या वर्गमुळाने घटते आणि ती निम्मी करायला चौपट पाकिटे मोजावी लागतात. म्हणूनच पायरी ३ मधला आकडा उगाच लहान धरू नये. तो सोयीसाठी फुगवणे तर त्याहून वाईट. तसे केल्यास कागदावर पॉवर भरपूर दिसते, पण ज्या तुटीची आपल्याला खरी चिंता आहे, ती पकडली जात नाही.

प्रमाण विचलन आधीपासून ठाऊक नसेल आणि ते त्याच नमुन्यातून काढायचे असेल, तर टी-चाचणी वापरावी लागते आणि संख्या किंचित वाढते. आपल्या उदाहरणात फरक एखाद-दुसऱ्या पाकिटाचाच आहे. प्रमाण विचलनाचा अंदाजच चुकला, तर मात्र फरक मोठा पडतो. ते १० ऐवजी १५ ग्रॅम निघाले, तर ३९ च्या जागी ८७ पाकिटे लागतात.

पायरी ७: संगणकावर पडताळून पाहा

सूत्रावर नुसता विश्वास ठेवण्याऐवजी तीच तपासणी दहा हजार वेळा संगणकाकडून करवून घेता येते. पायथनमध्ये ती अशी:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n, mu, sd = 25, 496, 10
cutoff = 500 - 1.645 * sd / n**0.5
means = rng.normal(mu, sd, (10000, n)).mean(axis=1)
print((means < cutoff).mean())
```

उत्तर ०.६४ च्या जवळपास येईल, ती पॉवर. मग `mu` च्या जागी 500 लिहून पुन्हा चालवा. आता ०.०५ च्या जवळपासचा आकडा येईल आणि तो अल्फा असेल. त्यानंतर `n` बदलत राहा: `mu` 500 असताना उत्तर जागचे हलत नाही आणि 496 असताना झपाट्याने वाढते. पायरी ५ मधला तक्ता अशा रीतीने स्वतःच्या हाताने तयार केला, की तो पाठ करावा लागत नाही.

येथे पाय घसरतो

पहिली अडचण अशी की नमुना एकदम न घेता हळूहळू वाढवला जातो. दहा पाकिटे तपासली, निकाल लागला नाही. आणखी दहा घेतली, पुन्हा चाचणी केली. आणि निकाल सार्थक येताच थांबलो. प्रत्येक वेळी अल्फा ५ टक्केच धरला, तरी एकूण पहिल्या प्रकारच्या चुकीची संभाव्यता तेवढी राहत नाही. समान अंतराने पाच वेळा डोकावल्यास दुतर्फी चाचणीत ती सुमारे १४ टक्क्यांवर जाते, कारण ठीक असलेल्या यंत्रालाही सीमारेषा ओलांडण्याच्या पाच संधी मिळतात. मध्येच डोकावणे आवश्यक असेल, तर किती वेळा ते आधी ठरवून प्रत्येक वेळची सीमारेषा अधिक कडक करावी लागते.

दुसरी अडचण तपासणी झाल्यानंतर पॉवर काढण्याची आहे. निकाल सार्थक आला नाही, म्हणून नमुन्यात दिसलेला फरकच सूत्रात घालून पॉवर किती होती, ते पाहिले जाते. त्यातून नवे काहीच कळत नाही. दिसलेली सरासरी बरोबर सीमारेषेवर असेल, तर अशी पॉवर ५० टक्के येते आणि निकाल सार्थक नसेल, तर ती त्याहून कमी येणारच. सूत्रात घालायचा फरक आधी ठरवलेला, म्हणजे ४ ग्रॅमचाच असला पाहिजे.

अतिशय मोठ्या नमुन्याची अडचण उलट दिशेची आहे. १०,००० पाकिटे तपासली, तर प्रमाण त्रुटी ०.१ ग्रॅमवर येते आणि केवळ ०.३ ग्रॅमची तूट पकडण्याची पॉवर ९१ टक्के होते. निकाल सार्थक येईल आणि तो चूकही नसेल, कारण तूट खरीच आहे. पण तिच्यासाठी कोणी यंत्र थांबवणार नाही. अशा वेळी सार्थक हा शब्द पुढे करण्याऐवजी तूट किती आणि तिचा विश्वास-अंतराल, म्हणजे खरी तूट ज्या पट्ट्यात असावी असा अंदाज आहे तो पट्टा, कुठून कुठपर्यंत, हे लिहावे.

शेवटची अडचण सर्वांत फसवी आहे. वजनकाटा प्रत्येक वेळी १ ग्रॅम कमी दाखवतो, असे समजू. यंत्र पूर्णपणे ठीक आहे, खरी सरासरी ५०० आहे, पण आपल्यापर्यंत पोहोचते ती ४९९. मग २५ पाकिटांत त्याच्यावर ठपका येण्याची संभाव्यता ५ वरून १३ टक्के होते, १०० पाकिटांत २६ टक्के आणि ४०० पाकिटांत ६४ टक्के. अल्फा नमुन्यावर अवलंबून नसतो, हे वरचे विधान मोजमापात पद्धतशीर दोष नसेल तेव्हाच लागू पडते. असा दोष असेल, तर वाढत्या नमुन्याबरोबर पहिल्या प्रकारची चूक वाढतच जाते, कारण चाचणी काट्यातला दोष अधिकाधिक खात्रीने पकडते आणि आपण तो यंत्राच्या माथी मारतो. पाकिटे सलग न उचलता दिवसभरातून विखरून उचलावीत, असे सांगतात त्याचेही कारण याच जातीचे आहे: एकापाठोपाठ भरलेली पाकिटे एकमेकांसारखी असतात, प्रमाण त्रुटी प्रत्यक्षाहून लहान भासते आणि ५ टक्के नुसते कागदावर राहतात. म्हणून ३९ च्या जागी ४०० पाकिटे मोजण्याची तयारी असेल, तर आधी वजन ठाऊक असलेले एक प्रमाणित माप त्या काट्यावर अनेकदा ठेवून त्याची सरासरी तपासावी, आणि मगच पहिले पाकीट उचलावे.